पूजेनंतरचा शेवटचा अर्धा तास: गुरुजींचे आणि मदतीला आलेल्यांचे आभार कसे मानावेत

तीन वर्षांपूर्वी आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि महिन्याभरात वास्तुशांत केली. घरात मोठं कुणी नव्हतं. आई-बाबा सोलापूरला, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. पूजा सुरेख झाली. घोटाळा झाला तो शेवटच्या अर्ध्या तासात. बँकेतून काढून आणलेल्या सगळ्या नोटा पाचशेच्या, सुटे नाहीत, पाकिटं नाहीत, कपाटाची किल्ली कुणाकडे ते आठवेना. पाहुणे जेवायला बसलेले. थोरले गुरुजी दारात चपला घालून उभे आणि मी आत नोटा मोजतेय. त्यांच्याबरोबर विशीतले एक गुरुजी आले होते, ते तोवर सामान घेऊन खाली स्कूटरपाशी गेले होते. त्यांची दक्षिणा मी थोरल्या गुरुजींच्या हातात कोंबली. त्या मुलाने तीन तास आमच्या घरी मंत्र म्हटले आणि आम्ही त्याला साधा नमस्कारही केला नाही. भांड्यांना आलेल्या ताई चार वाजेपर्यंत उपाशी होत्या, हे मला रात्री कळलं. या दोन गोष्टींचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या मार्गशीर्षात धाकट्या भावाने बावधनला घर घेतलं. तिथल्या वास्तुशांतीला मी आधीच सांगून ठेवलं की शेवटचा अर्धा तास माझ्याकडे द्या. या वेळी सगळं शांतपणे झालं. त्याआधी आमच्या गुरुजींना आणि शेजारच्या काकूंना विचारून जे समजून घेतलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. पुण्यात नवीन असाल, घरात सांगणारं वडीलधारं माणूस नसेल, तर उपयोगी पडेल.

## १. आठवडाभर आधी: फोनवर विचारायच्या चार गोष्टी

आभाराची तयारी पूजेच्या आधीच करावी लागते. कारण ऐन वेळी गुरुजींना घाई असते. पुण्यात मुहूर्ताच्या दिवशी एकेका गुरुजींकडे दोन-तीन घरं असतात, आणि गणेश चतुर्थीला तर पहाटेपासून दुपारपर्यंत ते घरोघरी फिरत असतात. तेव्हा हे चार प्रश्न आठवडाभर आधी फोनवर विचारून घ्या.

पहिला, "गुरुजी, तुमच्याबरोबर आणखी किती जण येणार?" सत्यनारायणाला एक गुरुजी पुरतात. वास्तुशांत, उदकशांत अशा कार्याला बरोबर आणखी काही जण असतात. जितके जण येणार तितकी पाकिटं, तितके विडे आणि जेवणाची तितकी पानं.

दुसरा, "दक्षिणा काय ठेवू? साहित्य तुम्ही आणणार की मला यादी देणार?" हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण गुरुजींना तो अपेक्षितच असतो. फक्त "तुमचा रेट काय" असं विचारू नका. साहित्याचे पैसे आणि दक्षिणा यांचा हिशेब वेगळा असतो. फुलं, समिधा, तूप, हळकुंडं गुरुजींनी स्वतःच्या पैशाने आणली असतील आणि तुम्ही ते दक्षिणेतच धरलं, तर त्यांच्या हातात फारच थोडं उरतं आणि ते तुम्हाला तसं कधी बोलून दाखवणार नाहीत. गुरुजी "तुमच्या इच्छेने द्या" म्हणाले, तर सोसायटीत ज्यांच्याकडे नुकतंच असं कार्य झालं त्यांना विचारा. अंदाजाने कमी देण्यापेक्षा हे बरं. सहकारी गुरुजींची दक्षिणा या रकमेत धरली आहे की वेगळी, तेही याच फोनवर स्पष्ट करून घ्या.

तिसरा, "जेवायला थांबाल ना, की शिधा देऊ?" बरेच गुरुजी बाहेरचं जेवत नाहीत, किंवा पुढच्या घरी संकल्प व्हायचा म्हणून आधी खात नाहीत. आधी विचारलं नसेल, तर भरल्या पंगतीत आग्रह होतो आणि त्यांना सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागतं.

चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: "पूजेतले तांदूळ, नारळ, वस्त्रं यांचं काय करायचं?" काही घरांत कलशाखालचे तांदूळ आणि वाहिलेलं वस्त्र गुरुजींना देतात, काही घरांत त्या तांदळाचा भात करतात. गुरुजींच्याही पद्धती वेगवेगळ्या. आधी विचारलेलं असलं की पूजा संपताना ते पिशवीत भरून तयार ठेवता येतं.

## २. आदल्या रात्री: पाकिटं आणि एक ताट

लागणारं सामान थोडंसंच आहे:

- नावं लिहिलेली पाकिटं, माणशी एक
- शंभराच्या आणि पाचशेच्या कोऱ्या नोटा, एक रुपयाची दहा-बारा नाणी
- विड्याची पानं (माणशी दोन, वर चार-पाच जास्तीची) आणि सुपाऱ्या
- शिधा द्यायचा असेल तर कापडी पिशवी
- घट्ट झाकणाचे चार-पाच डबे, मदतनीसांच्या जेवणासाठी

वर रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं तुळशीबागेत किंवा कुठल्याही पूजा भांडारात मिळतात. रक्कम शून्यावर संपू नये म्हणून तो वरचा रुपया. अकराशे एक, एकवीसशे एक अशी. विड्याची पानं आदल्या संध्याकाळी मंडईतून आणून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर सकाळी टवटवीत राहतात. फ्रिजमध्ये उघडी ठेवली की कडा काळ्या पडतात. नोटांना पिन मारू नका, मंत्र चालू असताना ती बोटाला टोचते.

बावधनला मी रात्री बसून नऊ पाकिटं केली. एक मुख्य गुरुजींचं, दोन सहकारी गुरुजींची, एक साहित्याच्या हिशेबाचं. मग पोळ्यांच्या काकू, भांड्यांच्या ताई, दिवसपाळीचा आणि रातपाळीचा वॉचमन, आणि जिना झाडणारे दादा. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने नाव लिहिलं. नाव माहीत नव्हतं तिथे विचारून घेतलं. वॉचमनच्या पाकिटावर नुसतं "वॉचमन" लिहिणं मला बरं वाटेना. सगळी पाकिटं एका ताटात, ताट देवघराशेजारच्या स्टुलावर, वर रुमाल. कपाटात कुलपाआड ठेवायची नाहीत हे मी तीन वर्षांपूर्वीच शिकले होते.

आणखी एक. घरातल्या एका माणसाला या ताटाची जबाबदारी द्या. यजमान जोडपं पूजेला बसलेलं असतं, त्यांना मधे उठता येत नाही. बहीण, मेहुणा, जवळचा मित्र, कुणीही चालेल.

## ३. दक्षिणेचा क्षण ओळखा

नव्या माणसाला वाटतं की पूजा संपली, आता पैसे द्यायचे. तसं नाही. दक्षिणा हा पूजेच्या आतलाच भाग आहे. गुरुजी जो संकल्प म्हणवून घेतात त्यात "सांगतासिद्ध्यर्थं" असा शब्द येतो. सांग म्हणजे सर्व अंगांसह. दक्षिणा दिली की कर्म सांग होतं, म्हणजे पुरं होतं, असा त्याचा भाव. म्हणून पाकीट दारात, चपला घालताना देऊ नये. ते पाटावर बसूनच द्यायचं.

होम असलेल्या कार्यात दक्षिणेच्या आसपास श्रेयोदान असतं. इतका वेळ तुमच्या वतीने केलेल्या कर्माचं श्रेय गुरुजी पाणी सोडून तुमच्या हाती देतात आणि यजमानाने "भवामि" म्हणायचं असतं. मला हे पहिल्या वेळी कळलंच नव्हतं, मी कुणाला तरी जेवणाची पानं मांडायला सांगत होते. या दोन मिनिटांत घरातल्या सगळ्यांना गप्प बसायला सांगा. तीन तासांच्या कष्टाचं पुण्य समोरचा माणूस तुम्हाला देऊन टाकतोय. आभाराचे आपले शब्द त्यानंतर येतात, म्हणून ते थोडकेच बरे.

मग दक्षिणा. दोन पानं, त्यावर सुपारी आणि नाणं, असा विडा यजमानाने उजव्या हातात घ्यायचा. पत्नी शेजारी बसून त्याच्या उजव्या हाताला हात लावते. गुरुजी मंत्र म्हणतात, पळीभर पाणी सोडायला सांगतात आणि विडा-दक्षिणा त्यांच्या हातात द्यायची. इथे लोक पाकीट विड्याखाली धरतात आणि त्यावरच पाणी पडतं. नोटा भिजतात. पाणी ताम्हनात सोडा, विडा आणि नाणं गुरुजींच्या हातात द्या आणि पाकीट लगेच त्यापाठोपाठ कोरड्या हाताने द्या. आधी मुख्य गुरुजी, मग सहकारी, प्रत्येकाला त्याच्या हातात. "बाकीच्यांचं पण यातच आहे" असं म्हणून एकाच्याच हाती सगळं देऊ नका.

रोख नसेल तर? आता बरेच गुरुजी मोबाईलवर पैसे घेतात, त्यात गैर काही नाही. पण विडा आणि रुपयाचं नाणं तरी हातात द्याच, आणि पैसे पूजा सुरू असताना नाही, जेवणाआधी शांतपणे पाठवा. पाहुण्यांसमोर फोन पुढे करून "स्कॅन करू का?" असं विचारू नका. साहित्याची रक्कम मात्र आदल्या दिवशीच पाठवून टाकली तर दोघांनाही सोयीचं होतं. बावधनला भावाने तसंच केलं आणि ते साहित्याचं पाकीट रिकामंच राहिलं.

## ४. नमस्कार आणि दोन वाक्यं

आपल्याकडे आभार मुख्यतः वाकून मानतात, बोलून नाही. आशीर्वादाच्या अक्षता डोक्यावर पडल्या, नारळ पदरात आणि उपरण्यात मिळाला, की जोडप्याने मिळून नमस्कार करायचा. त्याआधी नको. गुरुजी सोवळ्यात असतील आणि उत्तरपूजा, विसर्जन बाकी असेल, तर पायाला हात लावायला पाहुण्यांनीही थांबावं. गुरुजींनी पाय मागे घेतले तर जमिनीला हात लावून लांबूनच नमस्कार करा, तेवढा पुरतो.

सहकारी गुरुजी वयाने कितीही लहान असोत, त्यांनाही "अहो गुरुजी"च म्हणायचं आणि नमस्कारही करायचा. माझ्या मामांनी पंचाहत्तराव्या वर्षी बावीस वर्षांच्या गुरुजींसमोर वाकून नमस्कार केला. त्या मुलाला अवघडल्यासारखं झालं, तरी त्याने हात वर करून नीट आशीर्वाद दिला. नमस्कार त्या आसनाला असतो, असं मामा म्हणाले.

पुण्यात स्त्री पुरोहितही पुष्कळ आहेत. शंकर सेवा समिती आणि ज्ञान प्रबोधिनी या संस्थांनी इथे बायकांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न नव्या लोकांना पडतो. पहिल्या फोनवरच विचारा. काहींना "गुरुजी" आवडतं, काहींना "ताई". दक्षिणा, विडा, नमस्कार हे सगळं तसंच. बरोबर ओटी भरायची असेल तर भरा, पण ओटी भरली म्हणून दक्षिणा कमी करायची नाही.

आता शब्द. मी हे म्हणते:

"गुरुजी, फार समाधान वाटलं. आमचं काही चुकलं-माकलं असेल तर सांभाळून घ्या."

दक्षिणा देताना घरातले मोठे "फूल ना फुलाची पाकळी" म्हणतात, तेही चालतं. पण रक्कम ठरवून दिलेली असेल तर ते जरा ओढून आणल्यासारखं वाटतं. त्याऐवजी पूजेतली एखादी नेमकी गोष्ट सांगा. भावाने सांगितलं, "तुम्ही प्रत्येक आहुतीचा अर्थ मराठीत सांगितलात, त्यामुळे मुलं शेवटपर्यंत बसून राहिली." गुरुजींचा चेहरा खुलला. त्यापुढे काही बोलायची गरज नव्हती आणि भाऊ काही बोललाही नाही.

काय बोलू नये, तेही सांगते. "किती पटकन आटोपलंत!" हे कौतुक म्हणून म्हटलं तरी लागतं. आधीच्या गुरुजींशी तुलना नको. "आमच्या गावाकडे असं करतात" हा विषय या वेळी काढू नका, पूजेआधी काढा. आणि नमस्कार करता करता "आता मुंजीचा मुहूर्त पण बघून द्या ना" असं नवं काम पुढे करू नका. त्यासाठी वेगळा फोन करा.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. श्राद्ध किंवा दिवसकार्य असेल तर निघताना "पुन्हा या" म्हणायचं नसतं. "तुमच्यामुळे सगळं नीट पार पडलं" एवढं म्हणून हात जोडायचे आणि थांबायचं. शुभकार्यात मात्र "पुन्हा यावं" आवर्जून म्हणतात.

## ५. जेवण, शिधा आणि दारापर्यंत जाणं

गुरुजी जेवणार असतील तर त्यांचं पान आधी वाढा, स्वतंत्र आणि शांत जागी. त्यांना पुढे जायचं असतं, पहिली पंगत उठायची वाट बघायला लावू नका.

शिधा म्हणजे एका माणसाच्या जेवणाचं कोरडं सामान. मी देते तो असा: अर्धा किलो तांदूळ, पाव किलो तूरडाळ, अर्धा किलो कणीक, पाव किलो गूळ, छोट्या घट्ट बाटलीत तूप, मीठ आणि चार बटाटे. वर दक्षिणा म्हणून अकरा रुपये. सगळं कापडी पिशवीत, आणि तुपाची बाटली उभी राहील अशी. गुरुजी बहुतेक दुचाकीवर येतात, पायापाशी ताम्हन-पळ्यांची पिशवी आणि मागे होमाचं सामान असतं. म्हणून मोठा पुष्पगुच्छ, फोटोफ्रेम, काचेची भेटवस्तू देऊ नये. आमच्या पहिल्या वेळी एका पाहुण्याने गुरुजींना भलीमोठी समई दिली. ती त्यांनी स्कूटरवर कशी नेली असेल याचा मी नंतर विचार करत बसले.

प्रसादाचा डबा त्यांच्या घरच्यांसाठी आठवणीने द्या. गुरुजी आपल्या घरी प्रसाद देऊन जातात, पण त्यांच्या घरी त्या दिवशी कुणी काही गोड केलेलं असेलच असं नाही.

आणि दारापर्यंत जा. शक्यतो लिफ्टपर्यंत. सोसायटीत खाली गाडी लावायला जागा नसेल आणि त्यांनी लांब लावली असेल, तर घरातल्या मुलाला सामान उचलायला पाठवा. बावधनला आमचा भाचा दोन पिशव्या घेऊन गेटपर्यंत गेला. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी फोनवर पाकिटाचा नाही, त्या मुलाचा उल्लेख केला.

## ६. मदतीला आलेले: याच जागी सगळ्यात जास्त चुका होतात

गुरुजींचा मान ठेवायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या दिवशी पहाटेपासून राबलेली माणसं नजरेआड होतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहिते.

जेवण. भांड्यांच्या ताईंना, पोळ्यांच्या काकूंना, वाढप्यांना शेवटी उरलेलं देणं ही नेहमीची चूक. तोवर भजी संपलेली असतात, शिरा तळाचा असतो. नैवेद्य दाखवून झाला की पाहुण्यांची पानं वाढण्याआधी त्यांचे डबे भरून बाजूला ठेवा. भात, वरण, भाजी, पोळ्या, गोड, सगळं. डब्यावर नाव. मी बावधनला पाच डबे भरले आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवले. शिवाय ताईंना म्हटलं, "पहिली पंगत झाली की तुम्ही जेवून घ्या, भांडी कुठे पळून जात नाहीत." त्या बसल्या. डबा घरी मुलांसाठी गेला.

पैसे. त्या दिवसाचं जास्तीचं काम म्हणजे जास्तीचे पैसे, आणि ते महिन्याच्या पगारापासून वेगळे, त्याच दिवशी. "पगारात जमा करते" म्हणू नका. त्यांना ते पैसे वेगळे दिसत नाहीत, आणि आपलंही विसरायला होतं. साडी किंवा खण द्यायचा असेल तर पैशाच्या वर द्या, पैशाऐवजी नाही. केटरर असेल तर त्याचं बिल वेगळं आणि वाढायला आलेल्या मुलांना द्यायचे पैसे वेगळे. ते प्रत्येकाच्या हातात द्या. मुख्य माणसाकडे एकत्र दिले तर मुलांपर्यंत किती पोचतात ते कळायला मार्ग नसतो.

मान. सवाष्णींची ओटी भरताना घरात कामाला आलेल्या बाईला विसरतात, किंवा ती विधवा असेल तर तिला मुद्दाम टाळतात. मला हे टाळणं मुळीच पटत नाही. सकाळी सहापासून जिने घर सांभाळलं तिला सगळ्या बायकांसमोर वगळायचं, हे कुठल्याही पूजेत बसत नाही. कुंकवाबद्दल तिची इच्छा तिला विचारा, नारळ, फळं आणि खण मात्र सगळ्यांना सारखाच द्या. मदतनीस दुसऱ्या धर्माचे असतील तर प्रसाद घेण्याचा आग्रह नको. फळं किंवा मिठाईचा बंद डबा द्या, तो कुणीही आनंदाने घेतं.

शब्द. इथेही नेमकं बोला. पोळ्यांच्या काकूंना मी म्हटलं, "काकू, साठ माणसं जेवली आणि शेवटची पोळीसुद्धा मऊ होती." जिना झाडणाऱ्या दादांना म्हटलं, "दादा, तुम्ही सकाळी लिफ्टसमोर झाडून ठेवलंत म्हणून तिथे रांगोळी काढता आली." पाकीट दोन्ही हातांनी द्यायचं. लांबून टेबलावर ठेवून "ते तुमचं आहे, घेऊन टाका" असं नाही.

रातपाळीचा वॉचमन. दिवसभर गाड्या लावून देणारा माणूस संध्याकाळी बदलतो. दुसरा येतो तोवर घरात सगळे दमून झोपलेले असतात, पण मांडववाला सामान न्यायला येतो तेव्हा रात्री दहाला गेट उघडायला तोच असतो. त्याचा डबा आणि पाकीट बाजूला आहे ना, ते झोपण्याआधी बघा.

## ७. दुसऱ्या दिवशी: एक छोटा निरोप

गुरुजींना त्याच रात्री निरोप पाठवू नका. दमलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, चार ओळींचा. त्यात पैशांचा उल्लेख नको, नवं काम नको, फुलांची हलती चित्रं नकोत. गुरुजींचा फोटो कुठे टाकायचा असेल तर आधी विचारा. सोवळ्यातले फोटो सगळ्यांना आवडत नाहीत.

आम्ही पाठवला तो असा:

> गुरुजी, सादर नमस्कार.
> कालची वास्तुशांत आपण फार निवांतपणे आणि समजावून केलीत. मुलांनाही सगळं कळत होतं. आपल्याबरोबर आलेल्या दोन्ही गुरुजींना आमचा नमस्कार सांगावा.
> लोभ असावा.

ज्येष्ठ गुरुजींना पत्र लिहायचं असेल तर सुरुवातीला "सा. न. वि. वि." आणि शेवटी "कळावे, लोभ असावा" ही जुनी पद्धत अजूनही शोभून दिसते. फक्त मधला मजकूर दोन-तीन वाक्यांचाच ठेवा.

स्त्री पुरोहित असतील तर:

> ताई, नमस्कार. काल तुम्ही संकल्पाचा अर्थ सांगितलात तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हा सगळ्यांच्या ते लक्षात राहील. मनापासून आभार.

दिवसकार्यानंतर आणखी थोडक्यात:

> गुरुजी, नमस्कार. कालचे विधी आपण शांतपणे पार पाडलेत, आम्हा सगळ्यांना आधार वाटला. आभारी आहोत.

पोळ्यांच्या काकूंना, ताईंना लेखी निरोप पाठवण्यापेक्षा फोन करा. दोन मिनिटं लागतात. आणि होम झाला असेल तर शेजाऱ्यांना विसरू नका. फ्लॅटमध्ये धूर जिन्यातून वर जातो. आम्ही वरच्या मजल्यावरच्या दोन घरांना आधी सांगून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी भावाने इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं: "काल होमाचा धूर आणि गाड्यांची गर्दी सगळ्यांनी सांभाळून घेतलीत, आभार. प्रसाद आज संध्याकाळी घरोघरी आणून देतो." आणि खरंच नेऊन दिला.

## ८. उसनी भांडी, आणि वहीतलं एक पान

चौरंग, सतरंज्या, मोठं पातेलं, समया शेजारून आणलेल्या असतात. त्या तीन दिवसांत परत गेल्या पाहिजेत, घासून-पुसून. पितळेचं भांडं चिंचेने किंवा पितांबरीने उजळून द्या. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही. शिरा, चार लाडू, काहीच नसेल तर वाटीभर साखर किंवा दोन केळी घालून द्यायचं. शेजारच्या काकूंचं पातेलं मी पहिल्या वेळी लख्ख घासून रिकामंच नेऊन दिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण आत जाऊन त्यांनीच त्यात मूठभर तांदूळ टाकले. तेव्हा मला कळलं.

काय काय कुठून आणलं हे घाईत आठवत नाही. म्हणून भांड्याच्या बुडाला कागदी पट्टी चिकटवून नाव लिहा. घासताना पट्टी निघते, तेव्हा घासायच्या आधी यादी करून घ्या.

शेवटचं काम वहीत. तारीख, कार्य, गुरुजींचा नंबर, किती जण आले, दक्षिणा किती दिली, साहित्याला किती लागले, जेवले की शिधा दिला, तांदळाचं काय केलं, कोणाकोणाला पाकीट दिलं. भावाच्या वहीत हे अर्धं पान झालं. त्याच्या खाली त्याने त्या दोन्ही सहकारी गुरुजींची नावंही विचारून लिहून ठेवली आहेत. येत्या श्रावणात त्याच्याकडे सत्यनारायण आहे आणि या वेळी त्यांतलेच धाकटे गुरुजी एकटे येणार आहेत.